अठरा उरेपर्यंत थांबू नये

नामशेष होऊ घातलेला प्राणी पकडून बंदिस्त जागेत वाढवावा की नाही, हा प्रश्न सहसा त्याची संख्या शेवटच्या दोन-तीन डझनांवर आली की विचारला जातो, आणि तोवर उत्तर परिस्थितीनेच देऊन टाकलेले असते. एकीकडे "वन्य प्राणी वनातच राहावा, मेला तरी तिथेच मरावा" असे म्हणणारे लोक असतात आणि दुसरीकडे "पिंजऱ्यात का होईना, जात टिकली पाहिजे" असे म्हणणारे. माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकापासून सुरू होतो. बंदिस्त प्रजननाचे जनुकीय, वर्तनविषयक आणि रोगविषयक असे तीन धोके सांगितले जातात, आणि ते तिन्ही खरे आहेत. पण हे धोके किती मोठे होणार, हे प्राणी कधी पकडले आणि किती पकडले यावर मुख्यतः ठरते. शिवाय ते तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. एकावरचा उपाय दुसऱ्याला वाट करून देतो. त्यामुळे एकेका धोक्याची स्वतंत्र तपासणी करणारे धोरण कागदावर नीटनेटके दिसते आणि प्रत्यक्षात फसते. हे समजून घेण्यासाठी उत्तर अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेटचा इतिहास पुरेसा आहे, कारण या एकाच प्राण्याच्या बाबतीत जवळजवळ सगळ्या चुका झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच दुरुस्तही करण्यात आल्या.

हे फेरेट मुंगसासारखे लांबट, निशाचर आणि मांसाहारी असते. त्याचे जगणे प्रेअरी डॉग या प्राण्याशी बांधलेले आहे. प्रेअरी डॉग म्हणजे गवताळ मैदानात बिळांच्या वसाहती करून राहणारी, खारीच्या कुळातील एक जात. फेरेट खाते तेही प्रेअरी डॉग आणि राहते तेही त्यांच्याच बिळात. एका फेरेटला वर्षाला शंभराहून अधिक प्रेअरी डॉग लागतात. विसाव्या शतकात गुरांच्या चराईसाठी प्रेअरी डॉगना मोठ्या प्रमाणावर विष घालण्यात आले, मैदाने नांगरली गेली आणि त्याच काळात बाहेरून आलेला प्लेग त्या वसाहतींत शिरला. अन्न आणि घर दोन्ही एकदम गेले, आणि फेरेटही त्यांच्या मागोमाग गेले.

पहिला प्रयत्न १९७१ मध्ये झाला. दक्षिण डकोटा राज्यात उरलेल्या छोट्या गटातून सहा फेरेट पकडून मेरीलँडमधील पॅटक्सेंट येथील संशोधन केंद्रात आणण्यात आले. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग फेरेटला हमखास मारतो, हे ठाऊक असल्यामुळे त्यांना लस देण्यात आली. त्या लशीत क्षीण केलेला पण जिवंत विषाणू होता आणि पाळीव फेरेटवर ती आधी तपासलेली होती. पाळीव फेरेटना काहीही झाले नाही. काळ्या पायांच्या सहापैकी चार फेरेटना मात्र लशीतील विषाणूनेच डिस्टेंपर झाला आणि ती मेली. पुढे उरलेल्यांत प्रजनन झाले, पण एकही पिल्लू टिकले नाही. १९७९ मध्ये बंदिस्तातील शेवटचे फेरेट मेले आणि जात नामशेष झाली, असेच मानले गेले.

सप्टेंबर १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातील मीटीत्सी गावाजवळ एका गुराख्याच्या कुत्र्याने मेलेले फेरेट तोंडात धरून घरी आणले. शोध घेतल्यावर तिथे एक जिवंत वस्ती सापडली, आणि १९८४ च्या गणनेत १२९ फेरेट मोजण्यात आली. या प्रकरणातील निर्णायक काळ हाच होता, असे मला वाटते. १२९ पैकी पंचवीस-तीस पिल्ले, वेगवेगळ्या कुटुंबांतून निवडून, दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवता आली असती, आणि मूळ वस्तीलाही त्याचा विशेष फटका बसला नसता, कारण जंगलात जन्मलेल्या बहुतेक पिल्लांना पहिला हिवाळाच पार करता येत नाही. पण पकडावे की नाही, कोणी पकडावे, पैसा कोणाचा आणि अधिकार कोणाचा, यावर चर्चा चालू राहिली, आणि १९८५ च्या शरद ऋतूपर्यंत एकही फेरेट बंदिस्तात आले नव्हते.

त्या उन्हाळ्यात वसाहतींतील प्रेअरी डॉगमध्ये प्लेग आढळला. सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले आणि पिसवा मारण्यासाठी बिळाबिळांत कीटकनाशकाची भुकटी टाकण्यात आली. फेरेटची संख्या तरीही घसरत राहिली, कारण त्यांच्यात डिस्टेंपर पसरला होता. शरद ऋतूत घाईघाईने सहा फेरेट पकडण्यात आली. त्यांतील दोघांना पकडण्याच्या वेळीच लागण झालेली होती. सहाही एकाच इमारतीत ठेवलेली होती. सहाही मेली. त्यानंतर पकडलेली जगली, पण १९८६ मध्ये त्यांच्यात प्रजनन झाले नाही. १९८७ च्या सुरुवातीपर्यंत जंगलातील शेवटचे फेरेट पकडण्यात आले, तेव्हा जगभरात मिळून अठरा उरली होती. त्यांतली बरीचशी एकमेकांची नातलग. आजच्या साऱ्या वंशाचा हिशेब मांडला तर तो सात संस्थापक प्राण्यांपर्यंत येऊन थांबतो.

सात या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण जनुकीय धोक्याबद्दल बोलताना "अंतःप्रजनन वाईट" एवढ्यावरच आपण बहुधा थांबतो. परस्परांशी नाते नसलेले काही प्राणी संस्थापक म्हणून घेतले, तर मूळ वस्तीतील जनुकीय विविधतेचा किती भाग त्यांच्यासोबत येतो, हे साध्या भागाकाराने काढता येते: संस्थापकांच्या संख्येची दुप्पट करायची आणि तितका एक अंश वजा करायचा. संस्थापक सात असतील, तर चौदावा भाग जातो आणि सुमारे ९३ टक्के उरते. वीस असतील, तर चाळीसावा भाग जातो आणि साडेसत्त्याण्णव टक्के उरते. हा फरक फारसा मोठा वाटत नाही. खरे नुकसान त्यानंतरच्या पिढ्यांत होते. प्रत्येक पिढीत पुन्हा तसाच एक अंश गळतो, आणि तो किती, हे प्रत्यक्ष वंशवाढीत समान वाटा असणाऱ्या प्राण्यांच्या परिणामी संख्येवर ठरते. ही संख्या पन्नास असेल, तर दर पिढीला एक टक्का जातो, आणि सातांपासून सुरुवात करून दहा पिढ्यांनंतर सुमारे ८४ टक्के विविधता हाती राहते. परिणामी संख्या वीसच असेल, तर दहा पिढ्यांनी ७२ टक्के उरतात. फेरेटची पिढी दोन-तीन वर्षांची असते, म्हणजे दहा पिढ्या पंचवीस वर्षांत संपतात. अनेक बंदिस्त कार्यक्रमांत "शंभर वर्षांत ९० टक्के" असे उद्दिष्ट ठेवले जाते. सात पूर्वजांवर उभ्या असलेल्या आणि भराभर पिढ्या बदलणाऱ्या प्राण्याला ते गाठता येणारच नाही, हे पहिल्याच दिवशी दिसत होते.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण तिच्यावर पैशाचे वाटप अवलंबून असते. पिंजऱ्यातील प्राण्यांची एकूण संख्या आणि ही परिणामी संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर प्राणी असले, पण त्यांतील दहा-बारा जोड्याच बहुतेक पिल्ले देत असल्या, तर शंभर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून वंशावळीच्या नोंदवहीवरून प्रत्येक प्राण्याचे इतरांशी सरासरी नाते किती हे काढतात, आणि ज्यांचे नातलग सर्वांत कमी आहेत त्यांना प्रजननाची पहिली संधी देतात. यात एक न पटणारी गोष्ट करावी लागते. सहज पिल्ले देणारी, माणसाला न बुजणारी मादी बाजूला ठेवून अवघड, चिडकी, क्वचित विणारी मादी पुढे आणावी लागते. हे केले नाही, तर पिंजऱ्यात रमणाऱ्यांचीच संतती वाढते आणि काही पिढ्यांनी आपल्या हाती एक पाळीव जात उरते. फेरेटच्या कार्यक्रमात ही शिस्त कसोशीने पाळण्यात आली, तरीही काळानुसार सदोष शुक्रजंतूंचे प्रमाण वाढले आणि गर्भधारणेचे यश घटले. बंदिस्तातील फेरेट आकारानेही लहान भरू लागली. त्यांची जंगलात जन्मलेली संतती मात्र पुन्हा मूळ आकाराची झाली. म्हणजे पिंजऱ्यात दिसणारा प्रत्येक बदल जनुकांतला नसतो, आणि हे ओळखण्यासाठी जंगलातील पिढी हातात असावी लागते.

वर्तनाचा धोका १९९१ मध्ये उघड झाला. त्या वर्षी वायोमिंगमधील शर्ली बेसिन येथे ४९ फेरेट सोडण्यात आली. पिंजऱ्यात वाढलेल्या या पहिल्या पिढ्यांतील बहुतेक प्राणी थोड्याच काळात मेले, आणि मुख्यतः कोयोटसारख्या शिकाऱ्यांच्या तोंडी गेले. फेरेटला शिकार करणे बऱ्याच अंशी उपजत येते. कमी पडते ते जमिनीवर किती वेळ राहायचे, कोणत्या बिळात केव्हा शिरायचे, याचे भान. त्याआधी सायबेरियन पोलकॅट या जवळच्या नातलगावर काही प्रयोग झाले होते. पेंढा भरलेला बॅजर दूरनियंत्रित खेळगाडीवर बसवून पोलकॅटच्या अंगावर धाडण्यात आला आणि भीती शिकवता येते का, हे पाहण्यात आले. थोडीफार येते. पण खरा उपाय याहून साधा निघाला. पिल्ले लहान असतानाच, आईसोबत, प्रेअरी डॉगची खरी बिळे असलेल्या मोठ्या उघड्या आवारात किमान महिनाभर ठेवायची आणि त्यांना जिवंत प्रेअरी डॉग पुरवायचे. जन्मानंतर दोन ते तीन महिन्यांच्या काळात फेरेटच्या मनावर भक्ष्याचा वास ठसतो. ती वेळ चुकली, तर पुढचे प्रशिक्षण फारसे लागू पडत नाही. अशा आवारात वाढलेली फेरेट सोडल्यावर पिंजऱ्यातल्यांपेक्षा कितीतरी अधिक टिकली, आणि पुढे ही पद्धत सक्तीची झाली.

मात्र याच ठिकाणी एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्याला दार उघडतो. वर्तनासाठी जिवंत प्रेअरी डॉग हवेत, आणि प्रेअरी डॉग हाच प्लेगचा वाहक आहे. सुरुवातीला याची फारशी चिंता नव्हती, कारण पाळीव फेरेट आणि सायबेरियन पोलकॅट प्लेगला दाद देत नाहीत, तेव्हा काळ्या पायांचे फेरेटही देत नसणार, असे गृहीत धरले गेले होते. १९९० च्या दशकात हे गृहीतक खोटे ठरले. काळ्या पायांचे फेरेट प्लेगने मरते, आणि सहज मरते. १९७१ च्या लशीच्या वेळी जी चूक झाली होती, तीच वीस वर्षांनी दुसऱ्या रोगाबाबत झाली: नातलग प्राण्यावरून काढलेला निष्कर्ष मूळ प्राण्याला न तपासता लागू केला गेला. हे शास्त्रज्ञांच्या बेफिकिरीमुळे घडले, असे मी म्हणणार नाही. अठराच प्राणी असतील, तर त्यांतील दोघांवर चाचणी करण्याचे धाडस कोण करील? संख्या कमी असली की चाचणी परवडत नाही, चाचणी नसली की अंदाजावर चालावे लागते, आणि अंदाज चुकला की आहे ती संख्या आणखी घटते. उशिराने केलेल्या पकडीची ही किंमत जनुकांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगावी लागते.

आज आवारात जाणारे प्रेअरी डॉग आधी विलगीकरणात ठेवले जातात आणि त्यांच्या अंगावरील पिसवा मारल्या जातात. फेरेटना डिस्टेंपरचा जिवंत विषाणू नसलेली लस आणि प्लेगची लस दिली जाते. प्लेगची लस काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा द्यावी लागते. बंदिस्तात ते सोपे आहे. जंगलात जन्मलेल्या पिल्लासाठी मात्र माणसांना रात्री प्रखर दिवे घेऊन मैदानात फिरावे लागते. फेरेटचे डोळे उजेडात पाचूसारखे हिरवे चमकतात, त्यावरून बीळ हेरायचे, तोंडाशी सापळा लावायचा, लस टोचायची, ओळखीची चिप बसवायची आणि काही आठवड्यांनी तोच प्राणी पुन्हा गाठायचा. शिवाय बिळाबिळांत पिसवांविरुद्ध भुकटी टाकायची, तीही वारंवार. हे थांबले तर काय होते, याचे उदाहरण दक्षिण डकोटातील कोनाटा बेसिन येथे आहे. ती पुनर्स्थापित फेरेटची सर्वांत मोठी वस्ती होती. २००८ मध्ये तिथे प्लेग पोचला आणि प्रेअरी डॉगच्या वसाहतींबरोबर फेरेटही मोठ्या संख्येने नाहीशी झाली. ज्या भागात भुकटी आणि लस वेळेवर पोचली होती, तिथे काही वाचली.

रोग नेहमी जंगलातून बंदिस्तात येतो, असेही नाही. मायोर्का बेटावरील एका दुर्मीळ भेकाच्या बाबतीत उलटे घडले. बंदिस्त संग्रहात दुसऱ्या खंडातील उभयचरांच्या सान्निध्यात त्याला बुरशीची लागण झाली, आणि पुनर्स्थापनेसाठी सोडलेल्या प्राण्यांबरोबर ती बुरशी बेटावर पोचली. वाचवायला नेलेल्या प्राण्यानेच रोग नेला. म्हणून बंदिस्त प्रजननाचे केंद्र एकाच जातीसाठी असावे आणि तेही प्राण्याच्या मूळ प्रदेशाजवळ असावे, हा आग्रह मला खर्चिक असला तरी योग्य वाटतो. बरेच प्राणी एका छताखाली ठेवणाऱ्या संग्रहालयाने दुर्मीळ जात वाढवून सोडणे, ही गोष्ट परवानगी देताना अपवाद म्हणून पाहावी.

स्थानांतराचा, म्हणजे एका वस्तीतील वन्य प्राणी दुसऱ्या वस्तीत नेण्याचा मार्ग पुष्कळदा प्रजननापेक्षा बरा असतो. त्यात वर्तनाचा धोका कमी असतो आणि पिंजऱ्याशी जुळवून घेण्याचा प्रश्नच येत नाही. फ्लोरिडातील पँथर अंतःप्रजननाने खचले होते. शेपटीला पीळ, हृदयात दोष, नरांत वंध्यत्व. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या तिथे नेल्या गेल्या, त्यांतील पाचांना पिल्ले झाली, आणि पुढच्या पिढ्यांत हे दोष घटून संख्या वाढली. या उपायाला एकच अट आहे: कुठेतरी दुसरी निरोगी वस्ती शिल्लक असली पाहिजे. फेरेटजवळ ती नव्हती. त्यामुळे त्यांना जुन्या नमुन्यांकडे वळावे लागले. वीस वर्षे गोठवून ठेवलेल्या शुक्रजंतूंपासून पिल्ले जन्माला आली. १९८८ मध्ये मेलेल्या विला या मादीच्या पेशी सॅन दिएगो येथे गोठवून ठेवल्या होत्या. तिची सात संस्थापकांत गणना होत नव्हती, कारण तिचा वंश टिकला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये त्या पेशींतून एलिझाबेथ अॅन हा क्लोन जन्मला. तिला प्रजनन करता आले नाही. २०२३ मध्ये जन्मलेल्या दुसऱ्या क्लोनने, अँटोनियाने, २०२४ मध्ये तीन पिल्लांना जन्म दिला आणि त्यांतील दोन जगली. वैज्ञानिकदृष्ट्या ही गोष्ट थक्क करणारी आहे. पण तिने मिळवले काय, तर १९८४ मध्ये एका सापळ्यात सहज मिळाला असता असा आठवा पूर्वज. चाळीस वर्षांनी.

माझ्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, लवकर पकडायला सुरुवात केली तर अधिवास वाचवण्याचा दबाव नाहीसा होतो. जात पिंजऱ्यात सुरक्षित आहे म्हटल्यावर मैदान नांगरायला कोणाला संकोच वाटत नाही. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. म्हणूनच बंदिस्त कार्यक्रमाची मंजुरी आणि अधिवासाची जबाबदारी एकाच आदेशात असावी, असे मी म्हणतो. कोणत्या जमिनीवर, किती क्षेत्रावर, कोणत्या वर्षी प्राणी परत सोडायचे हे ठरल्याशिवाय पहिला सापळा लावू नये, आणि त्या जमिनीचा वापर बदलला तर निधीही थांबावा. फेरेटच्या पुनर्प्राप्तीचे उद्दिष्ट तीन हजार प्रौढांचे आहे. आज जंगलात काही शेच आहेत, आणि अडचण पिल्लांच्या पुरवठ्याची नाही. प्लेग नसलेल्या, विष न घातलेल्या, पुरेशा मोठ्या प्रेअरी डॉग वसाहतींची आहे.

दुसरा आक्षेप असा की, संख्या शंभरावर असताना प्राणी पकडणे म्हणजे टिकाव धरू शकणाऱ्या वस्तीला हात लावणे. ही भीती पकडायच्या प्राण्यांची संख्या आणि वय ठरवून कमी करता येते. नाहीतरी हिवाळ्यात मरणारी पिल्ले घेतली तर मूळ वस्तीचे नुकसान अल्प असते, आणि वस्ती सावरली तर तीच पिल्ले परत सोडता येतात. उलट, वाट पाहण्याचे नुकसान भरून काढता येत नाही. म्हणून प्रत्येक संकटग्रस्त जातीसाठी पकडीचा निर्णय कोणत्या आकड्याला आणि कोणत्या घसरणीला घ्यायचा, हे संकट येण्यापूर्वी लिहून ठेवावे. तो निर्णय कोण घेणार, त्या अधिकाऱ्याचे पदही त्यात असावे. मीटीत्सीत आकडा सगळ्यांना ठाऊक होता, पण निर्णय कोणाचा हेच ठरलेले नव्हते.

शेवटचा मुद्दा यश कशाने मोजायचे याचा. बहुतेक अहवालांत किती प्राणी जन्मले आणि किती सोडले हे आकडे ठळकपणे दिले जातात, कारण ते दरवर्षी वाढवता येतात. शर्ली बेसिनमध्ये १९९७ साली शोध घेतला तेव्हा अवघी पाच फेरेट दिसली. सोडलेल्यांच्या आकड्यावर जाऊन तो प्रकल्प यशस्वी म्हणता आला असता, आणि दिसलेल्यांच्या आकड्यावर जाऊन तो बंदही करता आला असता. गणना चालू ठेवल्यामुळे २००६ मध्ये तिथे दोनशेहून अधिक फेरेट मोजता आली, आणि ती जंगलातच जन्मलेली होती. सोडल्यानंतर वर्षभराने किती जिवंत आहेत, त्यांतील कितींना जंगलात पिल्ले झाली आणि त्या पिल्लांपैकी कितींना दोन्ही लसी मिळाल्या, हे तीन आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर असावेत आणि पुढच्या वर्षीचा निधी त्यांवरच ठरावा. मात्र हे आकडे मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे रात्री मैदानात फिरणारी माणसे लागतात, आणि त्यांचा पगार प्रजनन केंद्राच्या इमारतीआधी अंदाजपत्रकात लिहावा लागेल.